प्रश्न क्रमांक ९ : २०११च्या जनगणनेत अपंग व्यक्ती कशा गळल्या आणि त्याची किंमत कोण मोजतंय

२०११च्या जनगणनेवर शब्दशः विश्वास ठेवला, तर भारतात बोलण्याचं अपंगत्व असलेल्या दर चार माणसांमधलं जवळजवळ एक माणूस महाराष्ट्रात राहतं. देशभरात अशी १९ लाख ९८ हजार माणसं नोंदली गेली आणि त्यातली ४ लाख ७३ हजार एकट्या आपल्या राज्यात. महाराष्ट्राची लोकसंख्या देशाच्या ९ टक्क्यांच्या थोडी वर. उत्तर प्रदेश आपल्यापेक्षा कितीतरी मोठा, पण तिथे हा आकडा २ लाख ६६ हजार आहे.

मराठी माणसाच्या घशात किंवा जिभेत काही वेगळं आहे, असं कुणीच म्हणणार नाही. फरक मोजणीत आहे. पण एकदा का आकडा तक्त्यात बसला की तो कसा आला हे कुणी विचारत नाही. त्यावर नियोजन होतं, त्यावर विधानसभेत उत्तरं दिली जातात आणि त्याच्या आधाराने कुणाला तरी 'तुमच्या तालुक्यात एवढी संख्याच नाही' असं सांगितलं जातं. म्हणून हा एकच प्रश्न, २०११च्या गणनेच्या फॉर्ममधला नववा, इथे नीट उलगडून बघू.

तीन जनगणना, तीन वेगळे देश

१९८१ साली जनगणनेने अपंगत्वाबद्दल विचारलं, तेव्हा शब्द होते पूर्ण अंध, पूर्ण पांगळा, पूर्ण मुका. 'पूर्ण' या एका शब्दामुळे साऱ्या देशात जेमतेम ११ लाख १९ हजार माणसं सापडली. तेव्हाची लोकसंख्या ६८ कोटींच्या वर. म्हणजे दर हजारी दोघंही नाहीत. १९९१ साली हा प्रश्नच काढून टाकला. मग १९९५चा अपंग व्यक्तींचा कायदा आला, संघटनांनी जोर लावला आणि २००१च्या जनगणनेत प्रश्न परत आणावा लागला. तेव्हा संख्या निघाली २ कोटी १९ लाख, म्हणजे २.१३ टक्के.

२०११ला हा आकडा २ कोटी ६८ लाख आणि २.२१ टक्क्यांवर गेला. एकूण आकडा पाहिला तर सगळं सुरळीत वाटतं, लोकसंख्या वाढली तशी संख्याही थोडी वाढली. पण एकूण आकड्याखाली हात घातला की जमीन सरकते. २००१ला पाहण्यात अडचण असलेली माणसं १ कोटी ६ लाख होती, दहा वर्षांनी ती ५० लाख झाली. ऐकण्यात अडचण असलेली १२ लाख ६१ हजार होती, ती ५० लाख ७१ हजार झाली. दहा वर्षांत अर्ध्या आंधळ्यांना दृष्टी आली नाही आणि बहिऱ्यांची संख्याही खरोखर चौपट झाली नाही. व्याख्या बदलली. २००१ला एकाच डोळ्याने नीट दिसणारा माणूस अपंग धरला होता, २०११ला धरला नाही. कानाचं उलट झालं. श्रवणयंत्र वापरणारा आधी वगळला होता, नंतर धरला.

राज्यांकडे बघितलं तर आणखी चक्रावायला होतं. महाराष्ट्रात २००१ साली १५ लाख ७० हजार अपंग व्यक्ती होत्या, २०११ साली २९ लाख ६३ हजार. गोव्यात १५,७४९ वरून ३३,०१२. त्याच दहा वर्षांत तमिळनाडूत मात्र १६ लाख ४२ हजारांवरून ११ लाख ८० हजार अशी घट. तमिळनाडूची लोकसंख्या या काळात महाराष्ट्राच्याच वेगाने वाढली होती. आजारपण, अपघात, म्हातारपण यांतलं काहीही दहा वर्षांत एकाच देशातल्या राज्यांना अशा उलट दिशांना नेत नाही. प्रशिक्षण कसं झालं, प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला गेला, प्रगणकाने तो किती गांभीर्याने घेतला, याने नेतं.

दारात काय होतं

२०११ची गणना ९ ते २८ फेब्रुवारी या वीस दिवसांत झाली. घरोघर फिरणारे प्रगणक बहुतांशी शिक्षक आणि सरकारी कर्मचारी. नाव, नातं, लिंग, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, लग्नाच्या वेळचं वय, धर्म, जात-जमात, आणि मग नववा प्रश्न. २००१ला तो पंधरावा होता. पुढे आणला ही सुधारणाच होती, कारण फॉर्मच्या शेवटाकडे दोघंही कंटाळलेले असतात.

पण प्रश्नाचा गाभा तसाच राहिला. ही व्यक्ती मानसिक किंवा शारीरिकदृष्ट्या अपंग आहे का? 'हो' म्हटलं तर पुढे आठ सांकेतिक क्रमांक होते. पाहणे, ऐकणे, बोलणे, हालचाल, मतिमंदत्व, मानसिक आजार, इतर आणि बहुविकलांगता. 'नाही' म्हटलं की पुढचा प्रश्न, मातृभाषा.

सगळी गळती या पहिल्याच 'हो-नाही'त आहे. हा प्रश्न माणसाला काय जमतं, काय जमत नाही हे विचारत नाही. तो त्याला एक ओळख स्वीकारायला सांगतो, तीही घरच्यांसमोर, ओटीवर बसून, गावातल्या ओळखीच्या गुरुजींना. आणि उत्तर बहुतेक वेळा ज्याच्याबद्दल प्रश्न आहे तो देतच नाही, घरचा कर्ता देतो. प्रश्न प्रत्येक माणसाबद्दल वेगळा विचारायचा असतो. दारात मात्र तो पुष्कळदा 'घरात कुणी अपंग वगैरे नाही ना?' असा एकदाच आणि नकार गृहीत धरूनच विचारला जातो. प्रगणकालाही अवघड वाटतं. समोर चहा ठेवलेल्या माउलीला तिच्या मुलाबद्दल 'मतिमंद आहे का' असं कसं विचारायचं?

एक घर घेऊन बघू. हे घर मी रचलेलं आहे, पण यातलं एकही माणूस वाचणाऱ्याला अनोळखी वाटणार नाही.

आजी बहात्तर वर्षांच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, संध्याकाळनंतर भिंतीला धरून चालतात. आजोबांना मोठ्याने बोललेलंच ऐकू येतं. थोरल्या मुलाला लहानपणी पोलिओ झाला, एक पाय बारीक आहे, काठी घेऊन चालतो. धाकटा चार वर्षांपासून खोलीबाहेर फारसा येत नाही, स्वतःशी बोलतो, औषध मधेच सुटतं. सुनेची कंबर बाळंतपणापासून धरलेली, हंडा उचलता येत नाही, खाली बसलं तर उठायला कुणीतरी लागतं. नात एकोणीस वर्षांची, फिट येतात, लग्नाचं बघणं चालू आहे. नातू चार वर्षांचा, अजून बोलत नाही.

प्रगणकाने घरातल्या सात माणसांपैकी कोण अपंग आहे असं विचारलं, तर थोरला सांगेल, 'मीच एक, पायाने.' त्याला त्यात लाज नाही, सगळ्या गावाला दिसतंच. आजी-आजोबांचं काय? 'त्यांचं वय झालंय हो.' सुनेचं? घरच्यांच्या मनातही येणार नाही, आणि तिच्या स्वतःच्याही नाही. 'डोक्यावर परिणाम झालाय' हे धाकट्याबद्दल बाहेर बोलायचं नाही असं घरात ठरलेलंच आहे. नातीबद्दल बोलायचा तर प्रश्नच नाही, लग्न मोडेल. नातवाबद्दल, 'आमच्याकडे पोरं उशिराच बोलतात.' फॉर्मवर एक नोंद झाली. सातातला एक.

या घरातला कुणीही खोटं बोललेला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कुटुंबांनी माहिती लपवली असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण आजीला म्हातारपण आहे, अपंगत्व नाही, असं तिचं घर खरोखरच समजतं. विचारलेल्या प्रश्नाचं त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. प्रश्नच चुकीचा होता.

या पद्धतीच्या खुणा राष्ट्रीय आकड्यांत स्पष्ट दिसतात. साठीच्या पुढच्या १० कोटींहून अधिक लोकांमध्ये अपंग म्हणून नोंदले गेले सुमारे ५४ लाख, म्हणजे जेमतेम ५ टक्के. आपल्या आळीतल्या साठीपुढच्या वीस जणांची नावं डोळ्यांसमोर आणा आणि त्यातल्या एकालाच दिसण्याची, ऐकण्याची किंवा चालण्याची मोठी अडचण आहे का ते सांगा. मानसिक आजाराचं अपंगत्व असलेली माणसं १२१ कोटींच्या देशात ७ लाख २३ हजार, म्हणजे दहा हजारांत सहा. आणि बायका. २०११च्या जनगणनेत पुरुषांमधलं प्रमाण २.४१ टक्के, स्त्रियांमधलं २.०१. काय जमतं, काय जमत नाही असं विचारणाऱ्या जगभरच्या पाहण्यांमध्ये बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त निघतं. बायका जास्त जगतात, सांधेदुखी आणि अशक्तपणा त्यांच्या वाट्याला जास्त येतो. आपल्याकडे तेवढं उलटं निघतं, कारण त्या सुनेसारख्या लाखो बायका त्या 'हो-नाही'त 'नाही'कडे गेल्या.

आणखी एक खूण म्हणजे 'इतर' हा रकाना. देशात ४९ लाख २७ हजार माणसं त्यात आहेत, महाराष्ट्रात ५ लाख ११ हजार. देशात दर शंभर नोंदींमागे अठरा, महाराष्ट्रात सतरा. काहीतरी आहे, पण कोणत्या रकान्यात घालायचं हे कळलं नाही म्हणून तिथे टाकलं. या माणसांसाठी कोणती योजना आखायची हे कुणालाही सांगता येत नाही, कारण त्यांना काय लागतं तेच लिहिलेलं नाही.

तोच देश, दुसरा प्रश्न

२००१ साली संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाच्या आधाराने देशोदेशीच्या सांख्यिकी खात्यांचा एक गट स्थापन झाला. त्याला वॉशिंग्टन गट म्हणतात. त्यांनी सहा प्रश्नांचा एक छोटा संच केला. त्यात अपंग हा शब्द कुठेही नाही. चष्मा लावूनही बघायला अडचण येते का? श्रवणयंत्र लावूनही ऐकायला? चालायला किंवा पायऱ्या चढायला? लक्षात ठेवायला किंवा लक्ष लावायला? अंघोळ, कपडे अशी स्वतःची कामं करायला? आपल्या नेहमीच्या भाषेत बोलताना दुसऱ्याचं समजून घ्यायला किंवा आपलं समजावून सांगायला? उत्तरं चार : अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, मुळीच जमत नाही. एका तरी प्रश्नाला 'खूप' किंवा 'मुळीच नाही' आलं, तर ती व्यक्ती अपंगत्वाच्या मोजणीत धरायची.

प्रश्नाने काय फरक पडतो याचं माझ्या माहितीतलं सगळ्यात स्वच्छ उदाहरण झांबियाचं आहे. तिथल्या २००० सालच्या जनगणनेत जुन्या पद्धतीने विचारलं तेव्हा प्रमाण आलं २.७ टक्के. २००६च्या पाहणीत हे सहा प्रश्न विचारले. 'थोडी अडचण'पासून सगळे धरले तर १४.५ टक्के. 'खूप अडचण'पासून धरले तर ८.५. आणि फक्त 'मुळीच जमत नाही' म्हणणारेच धरले तर २.४.

हा शेवटचा आकडा जरा थांबून बघण्यासारखा आहे. जुन्या प्रश्नाने मोजलेली संख्या आणि 'मुळीच जमत नाही' म्हणणाऱ्यांची संख्या जवळजवळ एकच आहे. अपंग आहे का, या प्रश्नाला माणूस साधारणपणे तेव्हाच हो म्हणतो, जेव्हा एखादी गोष्ट पूर्णपणे हातातून गेलेली असते. १९८१च्या जनगणनेने 'पूर्ण' हा शब्द छापला होता. नंतर तो फॉर्मवरून गेला, पण उत्तर देणाऱ्याच्या मनातून गेला नाही. आपले २.२ टक्के कुठून येतात, याचा अंदाज इथे लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचा जगासाठीचा अंदाज १६ टक्के आहे. त्यात हलक्यापासून बरंच काही धरलेलं आहे, म्हणून तो थेट शेजारी ठेवून 'बघा, सातपट लपवले' असं म्हणणं मला पटत नाही. पण २.२ हा तळचा, अगदी कडेचा आकडा आहे, एवढं नक्की.

आपल्या त्या घरात परत जाऊ. सहा प्रश्न प्रत्येकाबद्दल वेगळे विचारले, तर आजी (पाहणे, खूप), आजोबा (ऐकणे, खूप), थोरला (चालणे, खूप), सून (चालणे आणि पायऱ्या, खूप) मोजणीत येतात. धाकटा कदाचित स्वतःची कामं किंवा लक्ष लावणं यात सापडेल, कदाचित सुटेल, कारण हे सहा प्रश्न मनाच्या आजारासाठी अपुरे आहेत. नात बहुधा सुटेल. फिट नसते तेव्हा ती सगळं करते. चार वर्षांच्या नातवासाठी हा संच केलेलाच नाही. मुलांसाठी युनिसेफबरोबर वेगळी प्रश्नावली केलेली आहे. म्हणजे सातातली चार नक्की, पाचवा कदाचित. हे सहा प्रश्न म्हणजे जादूची कांडी नाही. २०१६च्या कायद्यात जी एकवीस अपंगत्वं आहेत त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया आहेत. विदर्भात किंवा नंदुरबारला सिकलसेल असलेला मुलगा दुखणं नसलेल्या दिवशी सहाही प्रश्नांना 'अडचण नाही' म्हणेल. दारात बसून शिक्षकाने रक्ताच्या आजाराचं निदान करावं अशी अपेक्षाच चूक आहे. ते काम दवाखान्याचं, जनगणनेचं नाही. गल्लत होते ती इथेच. कायद्यातली यादी हक्क ठरवण्यासाठी आहे, ती घेऊन दारोदार मोजायला निघालं की दोन्ही कामं बिघडतात.

जनगणनेखेरीजच्या पाहण्यांनी हे भरून काढलं असतं, पण तसं झालं नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७६व्या फेरीत, जुलै ते डिसेंबर २०१८ मध्ये, खास अपंगत्वावर पाहणी झाली. तपशील पुष्कळ आणि उपयोगी, पण प्रमाण पुन्हा २.२ टक्केच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत ते १ टक्क्याच्या आसपास आलं, आणि सहाव्या फेरीतून अपंगत्वाचा प्रश्नच वगळला गेला. आकडा चांगला येत नाही म्हणून प्रश्न सुधारायचा सोडून काढून टाकायचा, हे १९९१ साली झालं तेच पुन्हा झालं. मला याचा मनापासून राग येतो.

आकडा पैशात कसा उतरतो

केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाची २०२५-२६ची तरतूद १,२७५ कोटी रुपये होती. इतर मंत्रालयांतूनही काही खर्च होतो, पण खास या कामाचा विभाग हाच. ही रक्कम २०११च्या २ कोटी ६८ लाखांनी भागली तर माणशी वर्षाला सुमारे ४७५ रुपये पडतात. झांबियासारखंच ८.५ टक्के प्रमाण धरलं, तर आजच्या १४० कोटींच्या देशात १२ कोटींच्या जवळ माणसं होतात आणि माणशी १०७ रुपये उरतात. कमी मोजणीचा हा एक परिणाम कमी बोलला जातो : तिच्यामुळे मागणी लहान दिसते आणि त्याच वेळी तरतूद आहे त्याहून चांगली दिसते.

निवृत्तिवेतनात तर जुना आकडा थेट दारावर उभा आहे. इंदिरा गांधी राष्ट्रीय अपंगत्व निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या, ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या १८ ते ७९ वयाच्या माणसाला केंद्राकडून महिन्याला ३०० रुपये मिळतात. रक्कम २०१२पासून तीच आहे. प्रत्येक राज्यात किती जणांना द्यायचं याची कमाल मर्यादा ठरलेली आहे आणि ती २००१च्या जनगणनेची लोकसंख्या आणि २००४-०५चं दारिद्र्याचं प्रमाण घेऊन काढलेली आहे. म्हणजे २०११ला नोंद होऊनही इथे उपयोग नाही, खिडकीवर २००१चाच माणूस उभा आहे. महाराष्ट्र संजय गांधी निराधार अनुदान योजनेतून आपले पैसे घालतं म्हणून इथे बोच थोडी कमी जाणवते. सगळ्या राज्यांत तसं नाही.

सगळ्यात जवळून हे दिसतं ते ग्रामपंचायतीत. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करायची असते. तीन हजार वस्तीचं गाव घेऊ आणि घरपट्टी, पाणीपट्टी मिळून स्वउत्पन्न वर्षाला ६ लाख रुपये धरू. पाच टक्के म्हणजे ३० हजार. आता हे कुणासाठी? महाराष्ट्राच्या २०११च्या २.६४ टक्क्यांनी गावात ७९ अपंग व्यक्ती असायला हव्यात. पण ग्रामसेवक यादी करतो ती प्रमाणपत्रावरून. २०१८च्या पाहणीत देशभरातल्या अपंग व्यक्तींपैकी २८.८ टक्क्यांकडेच प्रमाणपत्र होतं. तेवढंच इथे धरलं तर यादीत तेवीस नावं. ३० हजार भागिले तेवीस, प्रत्येकी १,३०० रुपये. दरवर्षी वाटून टाकले, हिशेब बरोबर, लेखापरीक्षणात आक्षेप नाही.

आता गावात खरोखर अडचण असलेली माणसं ८.५ टक्के धरली तर ती २५५ होतात. तेच ३० हजार त्यांना वाटायचं म्हटलं तर हातात सव्वाशे रुपयेही पडत नाहीत. एवढी माणसं समोर दिसली की वाटण्याचा विचार आपोआप मागे पडतो आणि वेगळे प्रश्न पुढे येतात. पंचायतीच्या पायऱ्यांना उतार करायचा का? आठवड्यातून एकदा मोतीबिंदूच्या रुग्णांना तालुक्याला न्यायला गाडी ठेवायची का? सार्वजनिक नळावर बसून पाणी भरता येईल असा कट्टा बांधायचा का? तेवीस नावांच्या यादीने हे प्रश्न कधी पटलावर येत नाहीत. तेवीस म्हणजे लाभार्थी. अडीचशे म्हणजे गाव.

शाळेत हेच चक्र जास्त क्रूर आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१च्या निर्णयानंतर प्राथमिक स्तरावर विशेष गरजांच्या दर दहा मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकला दर पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण ठरलं. म्हणजे पदं नोंदलेल्या मुलांच्या संख्येवर ठरतात. पण न बोलणारं, अक्षर ओळखण्यात अडखळणारं, वर्गात टक लावून बसणारं मूल ओळखायचं कुणी? ज्याला त्याचं शिक्षण आहे त्या विशेष शिक्षकाने. तो नाही म्हणून मुलं नोंदली जात नाहीत, आणि मुलं नोंदली नाहीत म्हणून तो नेमला जात नाही. २०११ला शून्य ते सहा वयाची २० लाख ४२ हजार मुलं अपंग म्हणून नोंदली गेली. त्या वयोगटाची एकूण संख्या १६ कोटींच्या वर होती, म्हणजे सव्वा टक्का. आपल्या घरातला तो नातू यात नाही.

आपल्या जिल्ह्याचा आकडा कमी मोजलेला आहे की नाही, हे ओळखायला मोठी पाहणी लागत नाही. वयवार तक्ता उघडावा आणि साठीपुढचं प्रमाण बघावं. ते तरुणांच्या दीड-दोन पटच असेल, तर म्हातारपण म्हणून माणसं गाळली आहेत. पुरुष-स्त्री प्रमाण बघावं. बायका कमी असतील तर ओटीवर फक्त पुरुषाशी बोलणं झालं आहे. 'इतर'चा वाटा बघावा. तो पंधरा-वीस टक्के असेल तर प्रगणकाला व्याख्या कळलेल्या नाहीत. आणि शेजारच्या जिल्ह्याशी तुलना करावी. दुप्पट-निमपट फरक आजारांमुळे क्वचितच पडतो.

पुढची गणना फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे, १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाने. या वेळी प्रगणकाच्या हातात मोबाइल असेल आणि स्वतःची माहिती स्वतः भरण्याची सोयही. मोबाइलमुळे बेरजा लवकर होतील, पण 'घरात कुणी अपंग वगैरे नाही ना?' हे वाक्य मोबाइलवरही तसंच म्हणता येतं. तेव्हा काम दोन ठिकाणी आहे. पहिलं प्रशिक्षणाच्या वर्गात. तिथे प्रगणकाला हा प्रश्न प्रत्येक नावापुढे वेगळा, सहा क्रियांच्या भाषेत विचारायला शिकवलं, तर छापील शब्द जुनेच असले तरी पुष्कळ गळती थांबेल. प्रत्येक तालुक्यात एखाद्या अपंग व्यक्तीला त्या वर्गात अर्धा तास बोलायला बोलावणं हे तहसीलदाराच्या हातातलं आहे.

दुसरं आपल्या ओटीवर. जनगणनेला प्रमाणपत्र लागत नाही, टक्केवारी लागत नाही, कागद दाखवावा लागत नाही. घरच्यांनी सांगितलेलं लिहून घेतात आणि ती माहिती कायद्याने गोपनीय असते. लग्न ठरवणाऱ्यांना ती दिसत नाही, शाळेला दिसत नाही, निवृत्तिवेतनाच्या खिडकीवरही दिसत नाही. प्रगणक दारात आला की आजीला आतून बोलावून घ्यावं आणि तिला विचारू द्यावं, 'आजी, चष्मा लावून माझा चेहरा दिसतोय का?' ती काय म्हणेल ते लिहावं.